वहीत उत्तर आहे, पण प्रश्न कुणी वाचला?

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणं शिकवून झाली की शाब्दिक उदाहरणांचा गृहपाठ येतो. त्यातलंच एक साधं उदाहरण घेऊ. बाईंनी ते हाताने लिहून, झेरॉक्स काढून वर्गात वाटलं आहे: ‘एका आयताकृती वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा १ मीटरने जास्त आहे. वाफ्याचे क्षेत्रफळ ९० चौमी असल्यास त्याची लांबी व रुंदी काढा.’

संध्याकाळी घरी विद्यार्थी दप्तरातून हा कागद काढतो, आईच्या फोनने त्याचा फोटो घेतो आणि एखाद्या एआय ॲपमध्ये टाकतो. काही सेकंदांत पडद्यावर उत्तर येतं. रुंदी x मीटर मानू, मग लांबी (x + 1) मीटर, म्हणून x(x + 1) = 90, म्हणजेच x² + x − 90 = 0. अवयव पाडून (x + 10)(x − 9) = 0. रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून रुंदी ९ मीटर आणि लांबी १० मीटर. पायऱ्या नीट, कारणं दिलेली, शेवटी ताळाही केलेला. हे सगळं वहीत उतरवायला पाच मिनिटं पुरतात. दुसऱ्या दिवशी बाईंच्या हाती येते ती एक स्वच्छ, बरोबर सोडवलेली वही.

यात नेमकं काय बुडालं, ते आधी बघायला हवं. वर्गसमीकरणाचे अवयव पाडणं हा या उदाहरणातला सोपा भाग आहे, सराव झाला की तो हाताला येतो. अवघड भाग त्याच्या आधीचा असतो. वाक्य वाचायचं, काय माहीत आहे आणि काय काढायचं आहे हे वेगळं करायचं, x कशाला मानायचा ते ठरवायचं आणि शब्दांतून समीकरण उभं करायचं. शाब्दिक उदाहरण देण्याचा सगळा हेतू तिथे असतो. फोटो काढून पाठवणाऱ्या मुलाला यातलं काहीच करावं लागत नाही. प्रश्न टाइप करावा लागला असता तर निदान तो एकदा डोळ्यांखालून गेला असता. फोटोमुळे प्रश्न न वाचताही त्याचं उत्तर वहीत येऊ शकतं.

कॉपी आपल्याकडे नवी नाही. गाईड आणि डायजेस्ट घराघरांत होती, आजही आहेत. शेजारच्याची वही सकाळी प्रार्थनेआधी उतरवणारी मुलं प्रत्येक शिक्षकाला माहीत आहेत. पण गाईडमधून उतरवायचं तर उदाहरण शोधावं लागायचं, आणि बाईंनी स्वतः तयार केलेला प्रश्न तिथे सापडायचाच नाही. शिवाय गाईड वापरणाऱ्या सगळ्या मुलांच्या वहीत तीच वाक्यं, त्याच पायऱ्या यायच्या. तपासताना तिसऱ्या वहीपाशी ते लक्षात यायचं. एआय साधनांनी या दोन्ही खुणा पुसल्या. शिक्षकाने नवा प्रश्न घातला तरी तो सुटतो आणि दहा मुलांनी तोच फोटो टाकला तर दहा जणांना थोड्या वेगवेगळ्या शब्दांत उत्तर मिळतं.

फोटोवरून गणित सोडवणारी ॲप्स तशी दहा वर्षांहून जुनी आहेत. क्रोएशियात तयार झालेलं फोटोमॅथ २०१४ मध्ये आलं, पुढे ते गूगलने घेतलं. पण सुरुवातीची अशी ॲप्स तयार समीकरण वाचायची. वाफ्याची लांबी-रुंदी सांगणारं वाक्य समजून त्यातून समीकरण मांडणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं, त्यामुळे अवघड भाग मुलाकडेच राहायचा. चॅटजीपीटीने सप्टेंबर २०२३ मध्ये चित्र वाचण्याची सोय जाहीर केली आणि त्यानंतर इतर साधनांतही ती सर्रास आली. तेव्हापासून मराठीत लिहिलेलं शाब्दिक उदाहरण, विज्ञानाचा प्रश्न, इतिहासाचं पान, इंग्रजीचा उतारा, सगळं एका फोटोत सुटायला लागलं.

मग शिक्षकाला हे ओळखता येतं का? काही खुणा दिसतात. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांची स्वतःची एक भाषा आहे. भूमितीत आपण ‘कोको कसोटी’ म्हणतो, ‘बाकोबा’ म्हणतो, ‘प्रमाणाचे मूलभूत प्रमेय’ म्हणतो. सिद्धता लिहिताना पक्ष, साध्य आणि प्रत्येक विधानापुढे कंसात कारण, अशी आपली मांडणी असते. एआयचं मराठी उत्तर पुष्कळदा या वळणाचं नसतं. त्यात ‘AA निकष’ येतो, ‘थेल्सचे प्रमेय’ येतं, हिंदीच्या छायेतले शब्द येतात. वर्गात न शिकवलेली रीत वापरलेली असते. प्रमेयावरून दोन ओळींत सुटणाऱ्या प्रश्नाला निर्देशक भूमिती लावलेली दिसते. आकृती असेल तर गडबड वाढते, कारण ही साधनं मजकूर जितका चांगला वाचतात तितकी आकृती वाचत नाहीत. कोणतं माप कोणत्या कोनाचं, बिंदू रेषाखंडावर आहे की बाहेर, हे ती चुकतात, आणि चुकीच्या वाचनावरही ठामपणे पुढचं सोडवत जातात.

पण या खुणा म्हणजे पुरावा नव्हे. शिकवणीच्या सरांनी दुसरी रीत शिकवलेली असू शकते. मोठी बहीण इंग्रजी माध्यमातून शिकली असेल तर ती ‘AA’ म्हणणारच. सीबीएसईतून आलेल्या मुलाची परिभाषा वेगळी असते. यूट्यूबवर हिंदीतून गणित शिकणारी मुलं खेड्यापाड्यांतही आहेत. खूण दिसली तर मुलाशी बोलायचं. आरोप करायला ती पुरत नाही.

वाफ्याच्या उदाहरणाकडे परत जाऊ. हातांनी लिहिलेला देवनागरी १ आणि ९ झेरॉक्समध्ये पुसट झाले की एकमेकांसारखे दिसतात. समजा फोटोवर सावली पडली आणि साधनाने ‘१ मीटरने जास्त’ हे ‘९ मीटरने जास्त’ असं वाचलं. आता समीकरण होतं x² + 9x − 90 = 0. त्याचेही सुबक अवयव पडतात: (x + 15)(x − 6) = 0. रुंदी ६ मीटर, लांबी १५ मीटर. ताळा केला तर १५ गुणिले ६ बरोबर ९०, तोही जुळतो. म्हणजे वहीत एक निर्दोष सोडवलेलं उदाहरण आहे, फक्त ते बाईंनी दिलेलं नाही.

तपासताना बाईंना हे दिसलं तर पहिला विचार मनात येतो, की हे यंत्राचंच काम. तो विचार बाजूला ठेवून मुलीला बोलवावं, कागद तिच्या हातात द्यावा आणि प्रश्न मोठ्याने वाचायला सांगावं. एवढ्यावरून बरंच कळतं. जिने स्वतः सोडवलं आहे ती एक तर पुन्हा ‘नऊ’ वाचते किंवा मध्येच थांबून म्हणते, ‘बाई, हा एक आहे का? मला नऊ वाटला.’ आणि तिला समीकरणात कुठे बदल करायचा ते लगेच कळतं. जिने उतरवलं आहे ती ‘एक’ असं बरोबर वाचून जाते, आणि वहीतला ९ कुठून आला ते तिला सांगता येत नाही. झेरॉक्सच खराब असेल तर वेगवेगळ्या बाकांवरच्या चार मुलांनी तोच ९ प्रामाणिकपणे घेतलेला असू शकतो. म्हणून चौघांची चूक सारखी आहे, एवढ्यावरून काही ठरवू नये.

इथे काही शिक्षक वेगळा मार्ग धरतात. वहीच्या पानाचा फोटो काढून ते स्वतःच एआयला विचारतात, ‘हे एआयने लिहिलं आहे का?’ या उत्तराला कवडीचीही किंमत नाही. कोणी काय लिहिलं याची नोंद त्या साधनापाशी नसते, ते फक्त पटेलसं उत्तर तयार करतं. मे २०२३ मध्ये अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या कॉमर्स इथल्या शाखेत एका अध्यापकांनी विद्यार्थ्यांचे निबंध चॅटजीपीटीला दाखवून हाच प्रश्न विचारला. त्याने होकार दिला, आणि पदवीच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल अडले. यामुळे कुणालाही नापास केलेलं नाही, असं विद्यापीठाला नंतर जाहीर करावं लागलं. शिवाय, वहीच्या पानावर मुलाचं नाव, हजेरी क्रमांक, शाळेचं नाव असतं. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्याआधी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी असं म्हटलं आहे. शिक्षकाने तो फोटो असा कुठेही टाकणं कुठल्याच दृष्टीने योग्य नाही.

खास ‘एआय ओळखणारी’ सॉफ्टवेअरं आहेत, त्यांचंही फार वेगळं नाही. ओपनएआयने स्वतः जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन काढलं. एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ते ‘बहुधा एआयचा’ म्हणून ओळखत होतं आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर खोटा शिक्का मारत होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने अचूकता कमी असल्याचं सांगून ते बंद केलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवून दिलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी निबंधांना अशी साधनं फार मोठ्या प्रमाणात एआयचे ठरवतात, कारण मोजक्या शब्दांतली साधी वाक्यरचना त्यांना यंत्राची वाटते. आपली मुलं इंग्रजी तशीच लिहितात. गणिताच्या पायऱ्यांत तर ओळखण्याजोगी शैली जवळपास नसतेच, आणि आपल्याकडे काम हाताने लिहून येतं. त्यामुळे शाळेने अशा साधनावर पैसे खर्च करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘हाताने लिहून आणा’, ‘सगळ्या पायऱ्या दाखवा’, ‘स्थानिक उदाहरण घ्या’ हे उपाय सुचवले जातात. त्यांपैकी एकही फार काळ टिकत नाही. पायऱ्या यंत्रच देतं, हाताने उतरवता येतं आणि वाफ्याच्या जागी गावातलं शेततळं घातलं तरी समीकरण तेच राहतं. शिक्षकाने प्रश्न अधिकाधिक वाकडा करत न्यायचा आणि त्यात प्रामाणिकपणे स्वतः सोडवणाऱ्या मुलाचीच कोंडी व्हायची, हे मला अन्यायाचं वाटतं.

उपयोगी पडते ती जुनीच गोष्ट, मुलाला तोंडी विचारणं. वाफ्याच्या उदाहरणावर तीन प्रश्न पुरतात. ‘x तू कशाला मानलास?’ ‘−10 का सोडून दिलं?’ आणि ‘x लांबीला मानला असता तर समीकरण काय झालं असतं?’ तिसरा प्रश्न मोलाचा आहे. त्याचं उत्तर x(x − 1) = 90 हे वहीत कुठेही नाही, पण ज्याने समीकरण स्वतः उभं केलं त्याला ते जरा विचार करून सांगता येतं. वेळ असेल तर क्षेत्रफळ ११० करून द्यावं. १० आणि ११ हे उत्तर समजलेल्या मुलाच्या तोंडून अवयव न पाडताही येतं. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. वर्गात साठ मुलं असली तरी रोज पाच हजेरी क्रमांक चिठ्ठी टाकून काढले तर बारा दिवसांत प्रत्येकाची पाळी येते. चिठ्ठीमुळे संशयिताला बोलावल्याचा रंग त्याला येत नाही, हे आणखी महत्त्वाचं. लाजरी मुलं, अडखळत बोलणारी मुलं तोंडी प्रश्नांना गांगरतात. त्यांच्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवावं आणि पाच मिनिटं शांतपणे द्यावीत.

समजत नाही असं दिसलं, तर पुढे काय? ‘कॉपी केलीस ना?’ हा प्रश्न चारचौघांत विचारला की मूल नाही म्हणतं आणि संवाद तिथेच संपतो. एकट्याला बाजूला घेऊन ‘हे तुला आत्ता सांगता येत नाहीये, मग वहीत कसं आलं ते मला सांग’ असं विचारलं की बहुतेक मुलं खरं बोलतात. गुण द्यायचे ते समोर दाखवलेल्या समजेचे. वहीतल्या पानाला शून्य देऊन आणि मुलाला पुन्हा न शिकवता सोडून दिलं तर त्याला वर्गसमीकरण तेव्हाही आलेलं नसतं.

एक मात्र आधी करायला हवं, ते म्हणजे नियम सांगणं. बहुतेक शाळांत तो कुणी सांगितलेलाच नसतो आणि मुलं आपापल्या परीने अर्थ लावतात. प्रश्नाचा फोटो टाकून उत्तर उतरवणं आणि ते आपलं म्हणून देणं ही नक्कल आहे, हे कुणालाही पटेल. पण आपण सोडवलेल्या पानाचा फोटो टाकून ‘माझं कुठे चुकलं?’ असं विचारणं वेगळं. ‘उत्तर नको, पहिली पायरी सुचव’ असं विचारणं त्याहून वेगळं. ज्या घरात आई-वडिलांना दहावीचं गणित येत नाही आणि शिकवणीचे पैसे नाहीत, त्या घरातल्या मुलाला रात्री नऊ वाजता विचारायला पहिल्यांदाच कुणीतरी मिळालं आहे. शिकवणीच्या सरांना शंका विचारणारा मुलगा प्रामाणिक आणि फोनला विचारणारा लबाड, असा भेद शिक्षकाने करू नये.

म्हणून नियम कागदाच्या माथ्यावरच लिहावा: ‘प्रश्न १ ते ३ कुणाच्याही मदतीशिवाय. ४ आणि ५ ला मदत चालेल, पण कुठे आणि किती ते खाली लिही.’ आणि मुलांनी शेवटी एक ओळ लिहावी. उदाहरणार्थ, ‘चौथ्यात समीकरण मांडता येत नव्हतं, ॲपला विचारलं, पुढचं मी सोडवलं.’ ताईने सांगितलं असेल तर तसं, शिकवणीत झालं असेल तर तसं. या ओळीसाठी एकही गुण कापायचा नाही, हा शब्द शिक्षकाने पाळायचा. पहिल्यांदा खरं लिहिणाऱ्या मुलाला त्याची शिक्षा झाली की पुढच्या वेळी सगळा वर्ग ‘मदत घेतली नाही’ असंच लिहील. त्या ओळी वाचण्यातून शिक्षकाला आणखी एक मिळतं. पंधरा जण समीकरण मांडण्यापाशी अडले असतील, तर तो धडा पुन्हा घ्यायला हवा हे त्याच दिवशी कळतं.

शिवाय ही साधनं सगळ्यांसाठी खुली नाहीत. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणारा किमान १३ वर्षांचा हवा आणि १८ पूर्ण होईपर्यंत पालकांची परवानगी हवी. सहावी-सातवीच्या वर्गाला ‘ॲपला विचारून या’ असं शिक्षकानेच सांगणं बरोबर नाही. घरात फोन नसलेली मुलं त्या वर्गात असतातच.

गुणांची रचना या सगळ्याच्या मुळाशी आहे. आपल्या अंतर्गत मूल्यमापनात गृहपाठालाही गुण असतात, आणि घरी लिहून आणलेल्या पानाला थेट गुण मिळतात तोवर फोटो काढण्याचा मोह राहणारच. गृहपाठ सरावासाठी द्यावा. दुसऱ्या दिवशी वही मिटून, त्यातलंच एक उदाहरण आकडे बदलून, वर्गात दहा मिनिटांत सोडवून घ्यावं आणि गुण त्या कागदाला द्यावेत. मग घरी मदत घेतली की नाही हा प्रश्न गुणांपुरता उरत नाही. ज्याने मदत घेऊन समजून घेतलं त्याला ते जमतं, ज्याने नुसतं उतरवलं त्याला जमत नाही.

हा फरक मोजूनही पाहिलेला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या हम्सा बस्तानी आणि सहकाऱ्यांनी तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे हजार मुलांवर गणिताचाच प्रयोग केला. काही मुलांना सरावाच्या वेळी साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलं, काहींना उत्तर न देता फक्त इशारे देणारं, आणि काहींना नुसतं पुस्तक आणि वही. सरावात पहिल्या गटाचे गुण पुस्तक-वहीवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त आले, इशारेवाल्या गटाचे १२७ टक्क्यांनी. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिला गट पुस्तक-वहीवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. इशारेवाल्यांचं असं नुकसान बहुतांशी झालं नाही, पण ते पुढेही गेले नाहीत. आणि मागे पडलेल्या मुलांना आपण मागे पडलो आहोत, हे जाणवलंही नव्हतं.

पालकसभेत आणि वर्गात सांगायला हे आकडे उपयोगाचे आहेत. मुलांना ‘फोटो काढणं पाप आहे’ हे पटत नाही. बोर्डाच्या परीक्षेत फोन नसतो आणि तिथे आपलं काय होईल, हे मात्र पटतं. या सत्राचा पहिला गृहपाठ देण्याआधी एक तास यासाठी काढा. कोणती मदत चालेल आणि कोणती नाही, ते मुलांशी बोलून ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या आणि त्याखाली तुमचीही सही करा.